नोटीस पीरियडचं कलम इंग्रजीतून बांगलात: मसुदा तपासायला मदत हवी

स्नेहल_चाकण

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरला आहे. आमचं एक गोदाम हुगळी जिल्ह्यात डानकुनीला आहे. तिथल्या सुपरवायझर आणि स्टोअरकीपर लोकांची नेमणूकपत्रं आत्तापर्यंत फक्त इंग्रजीत असायची. आता त्यासोबत बांगला प्रतही द्यायची ठरलंय. एका एजन्सीकडून भाषांतर करून घेतलं, पण नोटिशीच्या कलमावर डानकुनीच्या सुपरवायझरने फोन करून विचारलं, "म्हणजे मला सोडून जायचं असेल तर कंपनीनेही हो म्हणायला हवं का?" इंग्रजीत असं काही नाही.

इंग्रजी कलमाचा अर्थ असा: नोकरी कायम झाल्यावर दोघांपैकी कोणताही पक्ष किमान साठ दिवसांची लेखी पूर्वसूचना देऊन, किंवा तिच्याऐवजी पगार देऊन, नोकरी संपवू शकतो. त्यासाठी कारण द्यायची गरज नाही. मुदत संपण्याआधीच कर्मचाऱ्याला मोकळं करायचं का, हे कंपनी स्वतः ठरवू शकते. कर्मचाऱ्याकडून गंभीर गैरवर्तन झालं तर कंपनीला नोटीस द्यावी लागणार नाही. प्रोबेशनमध्ये ही मुदत सात दिवस.

एजन्सीचं पहिलं वाक्य देवनागरीत लिहिते, बांगला लिपी इथे सगळ्यांना वाचता येणार नाही: "उभय पक्ष कारण दर्शानो छाड़ाइ षाट दिनेर पूर्ब बिज्ञप्ति प्रदान करे अथबा तार परिबर्ते बेतन प्रदान करे सेबा समाप्त करते पारबे।"

मला बांगला अक्षरं लावून वाचता येतात, त्यापुढे नाही. यात नक्की काय बिघडलंय, कोणी सांगेल का? आणि नीट, औपचारिक पण सुपरवायझरला एका वाचनात कळेल असं कसं लिहायचं?

उदय_गझी

स्नेहल, मी कापड उद्योगात आहे आणि ढाक्याजवळ बरीच वर्षं काढली. डोकं खाजवत बसू नकोस. बांगलादेशचा २००६ चा श्रम कायदा मुळात बांगलातच आहे. त्याच्या २६ व्या कलमात मालकाने नोकरी संपवणं आणि २७ व्या कलमात कामगाराने राजीनामा देणं, असं सगळं तयार लिहिलेलं आहे. 'चाकुरीर अबसान', 'लिखित नोटिश', 'नोटिशेर परिबर्ते मजुरी', हे शब्द तिथून उचल. कायद्याने पारखलेली भाषा आहे, कोणी बोट ठेवणार नाही.

मीनल_भवानीपूर

स्नेहल, माझा जन्म आणि सगळं आयुष्य कोलकात्यात गेलं. घरी मराठी, बाहेर बांगला. पोटापाण्याचा धंदा इंग्रजी-बांगला दस्तऐवजांचा. तुझ्या सुपरवायझरने बरोबर ओळखलंय.

दोष पहिल्याच शब्दात आहे. 'उभय पक्ष' म्हणजे दोन्ही पक्ष. 'उभय पक्ष समाप्त करते पारबे' असं वाचलं की दोघांनी मिळून संपवायचं, असाच अर्थ लागतो. तुला हवंय 'जे कोनो पक्ष', म्हणजे दोघांपैकी कोणताही एक. एवढ्या एका शब्दाने राजीनाम्याचा हक्क परस्पर संमतीचा करार होऊन बसला.

दुसरं 'बिज्ञप्ति'. हा शब्द बांगलात जाहीर निवेदनाचा आहे. भरतीची जाहिरात, बोर्डावर लावलेली सूचना, सरकारी परिपत्रक, यांना बिज्ञप्ति म्हणतात. एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायच्या कागदाला लोक 'नोटिश'च म्हणतात आणि कायदाही तेच म्हणतो. इथे संस्कृत शब्द वापरल्याने कलम जास्त औपचारिक झालेलं नाही, चुकीचं झालंय. मुदतीला 'नोटिशेर मेयाद' म्हण.

तिसरं 'सेबा'. ही चूक हिंदी-मराठीतून आलेल्या माणसाची दिसते. आपल्याकडे सेवा म्हणजे नोकरीही होते, सेवासमाप्ती, सेवापुस्तक वगैरे. बांगलात सेबा म्हटलं की आजाऱ्याची शुश्रूषा, देवाची सेवा किंवा ग्राहकसेवा. नोकरी म्हणजे 'चाकरि'.

आणि चौथं सगळ्यात फसवं आहे, 'कारण दर्शानो छाड़ाइ'. शब्दशः ते 'कारण न दाखवता' असंच आहे. पण कोलकात्यात नोकरदार माणसाने 'कारण दर्शानो' वाचलं की त्याच्या डोळ्यासमोर 'कारण दर्शानोर नोटिश' येते, म्हणजे शो-कॉज. मग वाक्य असं वाटतं की शो-कॉज न देता कंपनी काढून टाकू शकते. तिथे साधं 'कोनो कारण ना जानिये' लिही, म्हणजे कारण न कळवता.

उदयदा, 'चाकरिर अबसान'बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. 'बरखास्त' म्हणजे शिक्षा म्हणून काढणं आणि 'छाँटाइ' म्हणजे कपात. या दोन्हींपासून लांब राहणारा आणि दोन्ही बाजूंना सारखा लागू होणारा शब्द 'अबसान'च. पण तो कायदा जसाच्या तसा डानकुनीला नेऊ नका. त्यातली रूपं साधू भाषेतली, म्हणजे जुन्या ग्रांथिक बांगलातली आहेत, 'करिया', 'पारिबेन', 'ताहार'. पश्चिम बंगालमधला आजचा वाचक 'करे', 'पारबेन', 'ताँर' असं वाचतो. शिवाय त्या कायद्यात 'मालिक' आणि 'श्रमिक' आहेत. स्टोअरकीपरच्या नेमणूकपत्रात कंपनीला 'मालिक' म्हणू नये. तिथे सरळ 'कोम्पानि' आणि 'कर्मचारी'.

पराग_९०

माझ्या कंपनीत नोटीस पीरियड ९० दिवस आहे आणि नवी कंपनी ३० दिवसांत या म्हणते. बायआउट करायचं तर एचआर ग्रॉसवर पैसे मागतेय, मित्र म्हणतो बेसिकवरच द्यायचे असतात. कोणाला नक्की माहीत आहे का?

स्नेहल_चाकण

पराग, हा धागा भाषांतराचा आहे. तुझ्या करारात पगाराची व्याख्या काय केलीय ते बघ आणि वेगळा धागा काढ, तिथे नक्की लिहीन.

मीनलताई, खूप आभार. सुपरवायझरला नेमकं कुठे अडलं ते आता कळलं. पण प्रोबेशनचं काय? एजन्सीने 'शिक्षानबिशकाल' लिहिलंय.

उदय_गझी

तो शब्द बरोबर आहे. ढाक्याच्या कायद्यात 'शिक्षानबिश' म्हणजे प्रोबेशनवरचा कामगार आणि 'शिक्षाधीन' म्हणजे अप्रेंटिस. चौथ्या कलमात दोन्ही वेगळे दिलेत.

आणि मीनलताई, साधू भाषेचं मान्य. पण मुदतीही त्या कायद्यासारख्या दोन वेगळ्या असाव्यात असं मला वाटतं. मूळ २००६ च्या कायद्यात महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगाराला काढताना मालकाने १२० दिवस द्यायचे आणि कामगाराने सोडताना ६० दिवस. ते जास्त न्याय्य आहे.

मीनल_भवानीपूर

न्याय्य असेलही, पण ते बांगलादेशात. स्नेहलच्या इंग्रजी करारात दोघांना साठ दिवस आहेत, तर बांगलातही साठच राहणार. भाषांतर करणाऱ्याने करार सुधारायचा नसतो.

'शिक्षानबिश'ची गंमत अशी की सीमेच्या अलीकडे तोच शब्द अप्रेंटिससाठी वापरला जातो. ज्या गोदामात आयटीआयची शिकाऊ मुलंही असतात, तिथे 'शिक्षानबिशकाल' वाचून सुपरवायझरला आपण शिकाऊ म्हणून घेतले गेलो असं वाटू शकतं. अप्रेंटिसचे हक्क वेगळे, पगार वेगळा. मी अशा ठिकाणी 'प्रबेशनकाल' लिहिते. आणि 'कायम झाल्यावर' याला 'चाकरि स्थायी हओयार पर'.

अॅड_विदुला

भाषांतराच्या बाहेरची, पण याच कलमाची दोन वाक्यं लिहिते. 'छाँटाइ' टाळा असं मीनलताई म्हणाल्या, त्याला कायद्याचंही कारण आहे. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाची एक वर्ष सलग नोकरी झाली असेल, तर कपात करताना महिन्याची लेखी, कारणांसह नोटीस किंवा तेवढा पगार ही अट कायद्यातूनच येते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं २५-एफ त्यासाठीच होतं. करारातलं 'कारण न कळवता' तिथे कंपनीला वाचवत नाही. भाषांतरात 'छाँटाइ' लिहिलं, तर हे कलम नेमकं कपातीसाठीच आहे असा युक्तिवाद समोरचा वकील करेल.

दुसरं, दोन भाषांत फरक पडला तर कोणती प्रत ग्राह्य, हे शेवटी लिहिलंय का? इंग्रजी ग्राह्य असं लिहिलंत तरी सही करणाऱ्याने वाचलेली प्रत बांगला आहे, हे लक्षात ठेवा.

स्नेहल_चाकण

इंग्रजी ग्राह्य असं लिहिलंय. म्हणूनच बांगलात वेगळा अर्थ नको आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने बांगला वाचून सही करायची आणि नंतर त्याला इंग्रजीवर बांधायचं, हे मला पटत नाही.

मीनलताई, 'तिच्याऐवजी पगार देऊन' याचं काय? इंग्रजीत 'इन लू ऑफ' एकदाच आलंय आणि दोघांना लागू आहे.

मीनल_भवानीपूर

खरी मेहनत तिथेच आहे. इंग्रजी वाक्यात 'पगार देऊन' कोणी कोणाला, हे सांगितलेलंच नाही. कंपनी देईल तेव्हा ती पगार देईल. कर्मचारी देईल तेव्हा तो 'पगार' देत नाही, पगाराइतकी रक्कम देतो. बांगलात 'जे कोनो पक्ष बेतन दिये' असं लिहिलं की कर्मचारी कंपनीला पगार देतोय असं विचित्र चित्र उभं राहतं. बऱ्याच जणांचा समज होतो की पैसे देऊन सुटण्याची सोय फक्त कंपनीला आहे. म्हणून मी हे वाक्य फोडते. अर्थ तोच, फक्त देणारा आणि घेणारा दोन्ही वेळा नावाने येतात.

माझा मसुदा:

(क) चाकरि स्थायी हओयार पर कोम्पानि बा कर्मचारी, जे कोनो पक्ष, अपर पक्षके कमपक्षे ६० (षाट) दिन आगे लिखित नोटिश दिये, कोनो कारण ना जानिये, एइ चाकरिर अबसान घटाते पारबे।

(ख) कोम्पानि नोटिश ना दिये चाकरिर अबसान घटाले, नोटिशेर परिबर्ते ओइ मेयादेर बेतन कर्मचारीके देबे। कर्मचारी नोटिश ना दिये इस्तफा दिले, ओइ मेयादेर बेतनेर समान टाका कोम्पानिके देबेन।

(ग) नोटिशेर मेयाद शेष हओयार आगेइ कोम्पानि निजेर बिबेचनाय कर्मचारीके दायित्व थेके अब्याहति दिते पारबे।

(घ) कर्मचारीर गुरुतर असदाचरणेर क्षेत्रे कोम्पानिके कोनो नोटिश दिते हबे ना।

(ङ) प्रबेशनकाले नोटिशेर मेयाद हबे ७ (सात) दिन।

'अब्याहति'पुढे 'दायित्व थेके' मुद्दाम ठेवलंय. 'चाकरि थेके अब्याहति' म्हटलं की ते काढून टाकण्याचं सभ्य नाव होतं. इथे माणूस नोकरीतून आधीच निघालाय, फक्त कामातून लवकर मोकळा होतोय.

आणि एजन्सीच्या पूर्ण मसुद्यात एकाच माणसाला कुठे 'कर्मचारी', कुठे 'कर्मी', कुठे 'नियुक्त ब्यक्ति' म्हटलंय का ते बघ. शाळेच्या निबंधात तोच शब्द पुन्हा नको म्हणतात. करारात नेमकं उलट आहे, शब्द बदलला की वाचणारा माणूसही बदलला समजतो.

गौरी_दासगुप्ता_जोशी

मी बंगाली, लग्नानंतर ठाण्यात. मराठी लिहिताना चुकले तर सांभाळून घ्या.

मीनलदींचा मसुदा मी बांगला लिपीत लिहून बाबांना पाठवला. ते हावड्याला असतात, निवृत्त आहेत, कारखान्यात स्टोअर्सलाच होते. (क), (घ) आणि (ङ) त्यांना एका वाचनात कळले. (ख) वर त्यांनी विचारलं, "चाळीस दिवस नोटीस पाळून वीस दिवस आधी निघालो, तर पैसे साठ दिवसांचे की विसाचे?" वाक्य स्पष्ट झालं म्हणूनच हा प्रश्न आला असं मला वाटतं. (ग) वर त्यांनी विचारलं, "मला लवकर सोडलं तर उरलेल्या दिवसांचा पगार मिळणार का?"

मीनल_भवानीपूर

गौरी, बाबांना माझा नमस्कार सांग. वाक्य तपासायची यापेक्षा चांगली रीत नाही.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं इंग्रजीतच नाहीत. पहिल्यासाठी बांगलात वाक्य सोपं आहे, 'मेयाद जतदिन कम हबे, ततदिनेर बेतन', म्हणजे जितके दिवस कमी तितक्या दिवसांचा पगार. दुसऱ्यासाठी 'बाकि दिनगुलिर बेतनसह', म्हणजे उरलेल्या दिवसांच्या पगारासह, असे तीन शब्द पुरतील. पण हे मी स्वतःहून घालणार नाही. स्नेहल, या दोन शंका कंपनीच्या वकिलाकडे पाठव. ते जे ठरवतील ते आधी इंग्रजीत घाल, मग बांगलात. परागने विचारलेला ग्रॉसचा प्रश्नही त्याच यादीत टाक. 'बेतन' म्हणजे 'मूल बेतन' की 'मोट बेतन', हे इंग्रजीत नुसतं सॅलरी लिहून मोकळं सोडलंय.

पराग_९०

बघा, माझा प्रश्न अगदीच अवांतर नव्हता.

अॅड_विदुला

पराग, खरंच नव्हता. 'उरलेल्या दिवसांचा पगार' यावर वाद झालेले मी पाहिलेत. लिहून टाकलेलं बरं.

सुहास_मुद्रक

मी छपाईतला माणूस आहे, बांगला कामंही येतात. आकड्यांबद्दल सांगतो. बांगला चार हा हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बांगला सात हा इंग्रजी नवासारखा. तुमच्या प्रोबेशनच्या सात दिवसांत हेच होणार. करारात कुठे इंग्रजी आकडे आणि कुठे बांगला आकडे अशी सरमिसळ असेल, तर पुण्यात बसून तपासणारा माणूस बांगला सात बघून नऊ वाचेल. पूर्ण दस्तऐवजात एकच पद्धत ठेवा आणि मीनलताईंनी केलंय तसं अक्षरी लिहाच.

स्नेहल_चाकण

हे आमच्याकडे होणारच होतं! पगाराच्या तक्त्यात इंग्रजी आकडे आहेत आणि कलमांत बांगला. कलमांत बांगला आकडे आणि सोबत अक्षरी, तक्ताही बांगला आकड्यांत, असं करते.

एक विचारायचं राहिलं. साठ दिवसांऐवजी 'दुइ मास' लिहिलं तर जास्त बोलीतलं होईल का? आणि सुट्टीचे दिवस धरायचे की नाही?

अॅड_विदुला

नको. दोन महिने कधी ५९ दिवसांचे असतात, कधी ६२. इंग्रजीत दिवस आहेत तर दिवसच ठेवा. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना धरलाय, त्यामुळे बांगला महिन्याचा घोळ कायद्यात होत नाही, पण दिवस आणि महिना ही अदलाबदल तुम्ही कशाला करता?

मीनल_भवानीपूर

विदुलाशी सहमत. सुट्ट्यांचं म्हणशील तर इंग्रजीत नुसते दिवस आहेत, कामाचे दिवस नाहीत. वकिलांनी मान्य केलं तर 'छुटिर दिन सह' असे तीन शब्द घाल. गोदामात हा प्रश्न हमखास येतो.

उदय_गझी

मीनलताई, एक शंका. (क) मध्ये तुम्ही शेवटी 'पारबे' लिहिलंय. कर्मचाऱ्याला (ख) मध्ये 'देबेन' असं आदरार्थी आहे. मग (क) मध्ये त्याला 'पारबे' कसं चालेल? ढाक्यात आम्ही 'पारबेन'च लिहायचो.

मीनल_भवानीपूर

नेमकं बोट ठेवलंत. कंपनी ही संस्था, तिला 'पारबे'. कर्मचारी माणूस, त्याला 'पारबेन'. आणि (क) मध्ये कर्ता आहे 'पक्ष', ज्यात दोघेही येतात. मी व्याकरणाने 'पक्ष' निर्जीव धरून 'पारबे' करते. माझे काही सहकारी 'पारबेन' करतात, कारण वाचणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल 'पारबे' वाचायला खटकतं.

गौरी_दासगुप्ता_जोशी

मला खटकलं खरं. बाबांना नाही खटकलं, ते म्हणाले, "पक्ष तो मानुष नय।" पण माझी बहीण शाळेत बांगला शिकवते, ती म्हणते माणूस त्यात असेल तर 'पारबेन'च हवं.

उदय_गझी

मग (क) चीच दोन वाक्यं करा. कोम्पानि पारबे, कर्मचारी पारबेन. प्रश्नच मिटला.

मीनल_भवानीपूर

करता येईल. पण मग दोघांचा हक्क एकसारखा आहे, हे एका वाक्यात जे ठळक दिसतं ते जातं. पुढे कधी कोणी एका वाक्यात दुरुस्ती केली आणि दुसऱ्यात विसरला, तर मुदती वेगळ्या होतील. मी 'पारबे'वरच राहीन, पण 'पारबेन' लिहिणाऱ्याला चूक म्हणणार नाही.

स्नेहल_चाकण

आज वकिलांना चार शंका पाठवल्या: कमी पडलेल्या दिवसांचा हिशेब, लवकर सोडल्यास उरलेला पगार, पगार म्हणजे मूळ की एकूण, आणि सुट्टीचे दिवस. 'पारबे' की 'पारबेन' हे डानकुनीच्या सुपरवायझरलाच विचारणार आहे. (क) दोन्ही तऱ्हांनी छापून त्याच्यासमोर ठेवते. उत्तरं आली की सुधारलेला मसुदा इथेच टाकते. मीनलताई, तोवर (ग) मधलं 'निजेर बिबेचनाय' एकदा बघाल का? इंग्रजीत 'सोल' डिस्क्रिशन आहे, ते 'सोल' यात आलंय का?

मीनल_भवानीपूर

आलंय. 'एकक बिबेचनाय' असंही लिहितात, पण त्याने अर्थात काही भर पडत नाही. फार तर 'शुधु निजेर बिबेचनाय', म्हणजे फक्त स्वतःच्या विचाराने, असं कर. वकिलांनी आग्रह धरला तरच.